बंदुका होत्या, हुकूम आला नाही

१९ जानेवारी १९८९ रोजी पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा एरिक होनेकर यांनी जाहीरपणे सांगितलं की, बर्लिनची भिंत ज्या कारणांसाठी बांधली ती कारणं दूर झाली नाहीत, तर ती आणखी पन्नास काय, शंभर वर्षंही उभी राहील. हे ऐकून तेव्हा कुणी हसलं नाही. जेमतेम दीड कोटीच्या वर वस्ती असलेल्या या देशात श्टाझी या गुप्त पोलीस खात्याचे नव्वद हजारांहून अधिक पगारी कर्मचारी होते. शेजाऱ्यांची, सहकाऱ्यांची, कधी घरच्यांचीही माहिती पुरवणारे खबरे याहून जास्त. शिवाय साडेतीन लाखांच्या आसपास सोव्हिएत सैनिक त्याच भूमीवर तळ ठोकून होते. असं राज्य मोडेल, असं पश्चिमेकडच्या हेरखात्यांनाही वाटत नव्हतं.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये होनेकर गेले, नोव्हेंबरमध्ये भिंत उघडली आणि वर्ष सरता सरता पोलंड, हंगेरी, पूर्व जर्मनी, बल्गेरिया, चेकोस्लोव्हाकिया आणि रुमानिया या सहाही देशांतली कम्युनिस्ट पक्षांची एकहाती सत्ता संपली होती.

लोक कंटाळले, रस्त्यावर आले आणि सरकारं पडली, असं याचं कारण सहसा सांगितलं जातं. पण लोक याआधीही रस्त्यावर आले होते. १९५३ मध्ये पूर्व जर्मनीतले कामगार आले, १९५६ मध्ये हंगेरी पेटली, १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात पक्षानेच सुधारणा सुरू केल्या. तिन्ही वेळा सोव्हिएत रणगाडे आले आणि सारं चिरडलं गेलं. १९८० मध्ये पोलंडच्या ग्दान्स्क बंदरातल्या जहाजबांधणी कारखान्यातून ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. तिचे सभासद एक कोटीच्या घरात गेले, तरी डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लावून तीही दडपली गेली. राग जुनाच होता. म्हणून शोधायचं ते हे की, इतकी वर्षं त्या रागाला थोपवून धरणारं जे काही होतं, ते १९८९ मध्ये कुठे गेलं?

माझ्या मते या राजवटी तीन गोष्टींवर तग धरून होत्या : मॉस्कोची फौज, पश्चिमेकडून काढलेलं कर्ज आणि ‘मी एकटाच असा विचार करतो’ हा प्रत्येक नागरिकाच्या मनातला समज. तिन्ही एकापाठोपाठ एक निकामी झाल्या. हे कसं घडलं ते पूर्व जर्मनीत सर्वांत स्पष्ट दिसतं, कारण त्या गटातला तो सर्वांत सुस्थितीतला आणि सर्वांत कडेकोट पहाऱ्यातला देश होता.

उधारीवरची स्वस्ताई

होनेकर १९७१ मध्ये पक्षप्रमुख झाले तेव्हा त्यांच्यासमोर शेजारच्या पोलंडचं ताजं उदाहरण होतं. डिसेंबर १९७० मध्ये तिथल्या सरकारने मांसाचे आणि इतर खाद्यपदार्थांचे भाव वाढवले, बंदरातले कामगार उठले, गोळीबारात चाळीसहून अधिक माणसं मेली आणि पक्षप्रमुखालाच जावं लागलं. होनेकर यांनी यातून धडा घेतला तो असा : भाववाढीला हात लावायचा नाही. मतं मागायची गरज नसलेल्या सरकारला लोकांची संमती मिळवायची, तर ती घरं, स्वस्त धान्य आणि निवृत्तिवेतन देऊनच मिळवावी लागणार.

त्याप्रमाणे पूर्व जर्मनीत पाच फेनिगांना मिळणारा छोटा पाव वर्षानुवर्षं पाच फेनिगांनाच मिळत राहिला. घरभाडं पगाराचा अगदी किरकोळ भाग खाई. नव्या वसाहती उभ्या राहिल्या. पण वस्तूची किंमत आणि ती बनवण्याचा खर्च यांचा संबंधच तुटल्यामुळे पाव इतका स्वस्त झाला की लोक तो जनावरांना घालू लागले. भाडं इतकं कमी की जुन्या इमारतींची डागडुजी त्यातून होईना आणि लाइपझिगसारख्या शहरांतल्या गल्ल्याच्या गल्ल्या ढासळू लागल्या. गोठवलेल्या भावातला तोटा सरकार भरून काढी, आणि त्यासाठीचा पैसा कारखान्यांची नवी यंत्रं घेण्याच्या पैशातून जाई. साध्या ट्राबांट मोटारीसाठी नाव नोंदवल्यावर दहा वर्षांहून अधिक वाट पाहावी लागे.

परदेशातून आणावं लागणारं धान्य, कॉफी, यंत्रसामग्री यांसाठी पश्चिमेचं चलन लागे, आणि ते मिळवण्यासाठी पश्चिमेत खपेल असा माल लागे. तो पुरेसा नव्हता. म्हणून पाश्चात्त्य बँकांकडून कर्ज काढलं गेलं. सत्तरच्या दशकात त्या बँकांकडे तेल उत्पादक देशांचा पैसा भरपूर होता आणि त्याही कर्ज द्यायला उत्सुक होत्या. पोलंड, हंगेरी, पूर्व जर्मनी तिघांनीही हात पुढे केला. कर्जातून आणलेल्या यंत्रांवर माल बनवू, तो पश्चिमेत विकू आणि कर्ज फेडू, असा हिशोब होता. प्रत्यक्षात त्यातला बराच पैसा रोजच्या खपात गेला, आणि जो माल बनला तो जागतिक बाजारात टिकला नाही. नियोजन मंडळाचे प्रमुख गेऱ्हार्ड श्यूरर यांनी सत्तरच्या दशकातच होनेकर यांना या कर्जाबद्दल सावध केलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. भाव वाढवणं किंवा आयात तोडणं हे दोनच उपाय होते, आणि दोन्हींची पक्षाला धास्ती होती.

तरीही ऐंशीच्या दशकात काही वर्षं हा गाडा चालला तो सोव्हिएत तेलावर. मॉस्को आपल्या मित्रदेशांना तेल देई त्याचा भाव मागच्या पाच वर्षांच्या जागतिक भावाच्या सरासरीवर ठरत असे. जागतिक भाव चढत असताना हे तेल स्वस्त पडे. पूर्व जर्मनी ते शुद्ध करून पश्चिमेला विके आणि परकीय चलन मिळवी. १९८१ मध्ये मॉस्कोने वर्षाच्या १९० लाख टनांतून २० लाख टनांची कपात जाहीर केली तेव्हा होनेकर हादरले. घरच्या वापरासाठी देश पुन्हा लिग्नाइट या निकृष्ट कोळशाकडे वळला. बिटरफेल्ड आणि लाइपझिगच्या परिसरातली हवा श्वास घेण्याजोगी राहिली नाही. १९८३ मध्ये देश कर्जफेड चुकवण्याच्या बेतात असताना पश्चिम जर्मनीतल्या बँकांनी एक अब्ज मार्कांचं कर्ज देऊन त्याला वाचवलं. ज्या ‘भांडवलशाही शत्रू’पासून रक्षण करण्यासाठी भिंत बांधल्याचं सांगितलं जाई, त्याच्याच हमीवर आता राज्य उभं होतं. मग १९८६ मध्ये जागतिक तेलाचे भाव कोसळले. पाच वर्षांच्या सरासरीमुळे सोव्हिएत तेल आता उलट महाग पडू लागलं आणि शुद्ध करून विकण्यातली कमाई आटली.

मॉस्कोचा नवा हिशोब

पूर्व युरोप सांभाळणं सोव्हिएत संघालाही परवडेनासं झालं होतं. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू होण्याच्या तोंडावर मॉस्कोतल्या पॉलिटब्यूरोने आपसांत ठरवून टाकलं होतं की, पोलंडमध्ये फौज पाठवायची नाही. अफगाणिस्तानात सैन्य आधीच अडकलेलं होतं, आणि पश्चिमेच्या आर्थिक निर्बंधांचा मार सोसवणारा नव्हता. पण ही गोष्ट बंद दाराआड राहिली. ना पोलिश जनतेला ती ठाऊक होती, ना पूर्व जर्मनीच्या. रणगाडे येणार नव्हते, तरी ते येतील ही भीती आणखी सात-आठ वर्षं कामी आली.

ही भीती उघडपणे काढून घेतली ती मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी. १९८५ मध्ये सत्तेवर आल्यावर त्यांना आपल्या देशाची अर्थव्यवस्था सावरायची होती. त्यासाठी शस्त्रांवरचा खर्च कमी करायला हवा होता, पश्चिमेशी समझोता हवा होता. ७ डिसेंबर १९८८ रोजी संयुक्त राष्ट्रांसमोर त्यांनी सोव्हिएत सैन्यात पाच लाखांची कपात जाहीर केली. त्यांतले पन्नास हजार सैनिक पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरीतून माघारी जाणार होते. प्रत्येक राष्ट्राला आपला मार्ग निवडण्याचा हक्क आहे, असंही त्यांनी तिथे बजावलं. समाजवाद मोडावा, ही त्यांची इच्छा मुळीच नव्हती. मोकळीक मिळाली तर तो सुधारेल आणि टिकेल, असा त्यांचा विश्वास होता. तिथेच त्यांचा अंदाज चुकला.

हे शब्द खरे आहेत का, याची पहिली परीक्षा पोलंडने घेतली. १९८८ च्या संपांनंतर तिथल्या सरकारने ‘सॉलिडॅरिटी’ला चर्चेला बोलावलं, आणि ४ जून १९८९ च्या निवडणुकीत खुल्या ठेवलेल्या जागांवर सरकारी पक्षाचा धुव्वा उडाला. ऑगस्टमध्ये तादेऊश माझोविएत्स्की हे कम्युनिस्ट नसलेले गृहस्थ पंतप्रधान झाले. मॉस्कोने बोटही उचललं नाही. त्याच ४ जूनला बीजिंगमध्ये चिनी सैन्याने निदर्शकांवर गोळ्या चालवल्या होत्या, आणि पूर्व जर्मनीच्या संसदेने चीन सरकारला पाठिंबा देणारा ठराव केला. पुढच्या महिन्यांत पूर्व जर्मन नागरिकांच्या डोळ्यांसमोर ही दोन्ही चित्रं होती : वॉर्सा आणि बीजिंग.

कुंपणाचा खर्च

पूर्व जर्मनीला प्रत्यक्ष तडा गेला तो हंगेरीत, आणि तोही एका खर्चाच्या बाबीमुळे. हंगेरी आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर विजेचा संदेश देणारं तारेचं कुंपण होतं. ते गंजलं होतं, जनावरं लागूनही घंटा वाजे, आणि नवी तार पश्चिमेच्या चलनात विकत घ्यावी लागणार होती. कर्जाने वाकलेल्या हंगेरीचे पंतप्रधान मिक्लोश नेमेथ यांनी हा खर्च करायचा नाही, असं ठरवलं. मार्च १९८९ मध्ये त्यांनी हे गोर्बाचेव्ह यांच्या कानावर घातलं. विरोध झाला नाही. २ मेपासून कुंपण काढायला सुरुवात झाली.

पूर्व जर्मन माणसाला पश्चिमेत जायची मुभा नव्हती, पण सुट्टीसाठी हंगेरीला जाता येई. १९ ऑगस्टला शोप्रोन गावाजवळ दोन्ही देशांच्या लोकांची एक मैत्री-सहल ठरली होती, त्यासाठी सीमेवरचं एक फाटक थोडा वेळ उघडलं जाणार होतं. तिथून सहाशेहून अधिक पूर्व जर्मन ऑस्ट्रियात पळाले. सीमेवरच्या सैनिकांनी गोळी झाडली नाही. ११ सप्टेंबरला हंगेरीने सीमा पूर्व जर्मनांसाठी खुलीच केली, आणि महिनाअखेरपर्यंत हजारो कुटुंबं निघून गेली. इतर हजारो जण प्राग इथल्या पश्चिम जर्मन वकिलातीच्या बागेत तळ ठोकून बसले. १९६१ मध्ये भिंत बांधली होती ती नेमका हाच ओघ थांबवण्यासाठी. आता भिंत जागच्या जागी होती, पण तिला वळसा घालून जायची वाट सापडली होती.

९ ऑक्टोबर, लाइपझिग

जाणाऱ्यांमुळे मागे राहिलेले बोलते झाले. लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी संध्याकाळी शांतिप्रार्थना होत असे. देशात सरकारी परवानगीशिवाय चार माणसांना जमता येईल अशी चर्चखेरीज जागाच नव्हती. ४ सप्टेंबर १९८९ च्या सोमवारी प्रार्थनेनंतर सुमारे हजारभर लोक बाहेर चौकात थांबले. ‘आम्हाला जाऊ द्या’ असं काही जण ओरडत होते. पुढच्या आठवड्यांत वेगळी घोषणा ऐकू येऊ लागली : ‘आम्ही इथेच राहणार.’ सरकारला ही दुसरी घोषणा जास्त जड गेली. जाणाऱ्याला हाकलून मोकळं होता येतं, पण राहून बदल मागणाऱ्याचं करायचं काय? २ ऑक्टोबरला जमाव वीस हजारांच्या आसपास गेला.

७ ऑक्टोबरला राज्याचा चाळिसावा वर्धापनदिन होता. त्याच्या आदल्या दिवशी लाइपझिगच्या पक्षाच्या दैनिकात एका कामगार-दलाच्या प्रमुखाच्या नावाने पत्र छापून आलं : गरज पडली तर हातात शस्त्र घेऊन आम्ही समाजवादाचं रक्षण करू. सोमवार, ९ ऑक्टोबरला शहरात सुमारे आठ हजार पोलीस, सैनिक आणि कामगार-दलाची माणसं सज्ज होती. पाळणाघरांतून मुलांना लवकर घेऊन जायला पालकांना सांगण्यात आलं. इस्पितळांत रक्ताचा साठा वाढवल्याची बातमी तोंडोतोंडी पसरली. निकोलाय चर्च भरू नये म्हणून पक्षाने आपली शेकडो माणसं दुपारीच तिथे नेऊन बसवली. त्यांनाही ती प्रार्थना आणि अहिंसेचं आवाहन ऐकावं लागलं.

संध्याकाळी शहराच्या ध्वनिक्षेपकांवरून एक छोटं निवेदन वाचलं गेलं. ते वाचत होते गेवांडहाउस वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट मझूर. त्यांच्यासह सहा जणांच्या सह्या त्यावर होत्या, आणि त्यांत तिघे पक्षाचेच जिल्हा सचिव होते. सर्वांनी संयम राखावा, म्हणजे शांततेने संवाद होऊ शकेल, असा त्याचा मथितार्थ होता. बर्लिनला न विचारता पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी अशा निवेदनावर इतरांच्या बरोबरीने सही करणं ही त्या राज्यात अघटित गोष्ट होती.

प्रार्थना संपल्या आणि सुमारे सत्तर हजार माणसं शहराभोवतीच्या रिंगरोडवर चालू लागली. इतक्या लोकांना पांगवायचं तर गोळीबार करावा लागेल, हे अधिकाऱ्यांना कळून चुकलं. स्थानिक प्रमुखाने बर्लिनला फोन केला. केंद्रीय समितीत सुरक्षेचं खातं सांभाळणारे एगॉन क्रेंझ यांनी, विचारून पुन्हा फोन करतो, असं सांगितलं. तो फोन वेळेवर आलाच नाही. अखेर पोलिसांना मागे राहून फक्त स्वतःचा बचाव करायला सांगण्यात आलं. क्रेंझ यांचा फोन आला तेव्हा मिरवणूक बरीच पुढे गेली होती. सोव्हिएत सैनिक बराकींतच राहिले. लोक ‘हिंसा नको’ आणि ‘आम्हीच जनता आहोत’ असं म्हणत श्टाझीच्या कचेरीसमोरून गेले, आणि एक काचही फुटली नाही.

चर्चच्या मनोऱ्यावरून दोन तरुणांनी ही मिरवणूक चोरून चित्रित केली होती. दुसऱ्या दिवशी ती पश्चिम जर्मनीच्या दूरदर्शनवर दिसली, आणि पूर्व जर्मनीतले बहुतेक लोक तेच दूरदर्शन पाहत. तिसरा आधार इथे सुटला. तोवर प्रत्येक जण घरात बसून सरकारला शिव्या घाले आणि बाहेर मुकाट मतदान करी. आपल्यासारखे किती आहेत, हे कुणालाच कळायची सोय नव्हती. आता सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि पाहूनही काही झालं नाही हेही पाहिलं. पुढच्या सोमवारी आकडा लाखाच्या वर गेला. १८ ऑक्टोबरला होनेकर पायउतार झाले आणि क्रेंझ त्यांच्या जागी आले.

दिवाळखोरीचा कागद

क्रेंझ यांनी श्यूरर यांना देशाची खरी आर्थिक स्थिती मांडायला सांगितली. ३० ऑक्टोबरच्या त्या अहवालात म्हटलं होतं की, केवळ कर्ज वाढणं थांबवायचं तरी १९९० मध्ये राहणीमान २५ ते ३० टक्क्यांनी खाली आणावं लागेल, आणि तसं केलं तर देशावर राज्य करणं अशक्य होईल. पुढे मध्यवर्ती बँकेच्या हिशोबात हे कर्ज अहवालापेक्षा बरंच कमी निघालं. काही ठेवी गुप्त खात्यांत होत्या, त्या श्यूरर यांच्या आकड्यांत धरल्या नव्हत्या. पण निर्णय घेणाऱ्यांच्या हाती त्या दिवशी हाच कागद होता. १ नोव्हेंबरला क्रेंझ मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांना भेटले. कर्जाचा आकडा ऐकून गोर्बाचेव्ह थक्क झाले, पण मदत देऊ शकले नाहीत. सोव्हिएत तिजोरीतही खडखडाट होता.

पैसा फक्त पश्चिम जर्मनीकडून मिळणार होता, आणि रस्त्यावर रक्त सांडल्यावर तो मिळाला नसता. म्हणून प्रवासाचे नियम सैल करायचं ठरलं. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पत्रकार परिषदेत गुंटर शाबोव्स्की यांनी हे नवे नियम वाचून दाखवले. ते दुसऱ्या दिवशी सकाळपासून लागू व्हायचे होते, पण ही माहिती शाबोव्स्कींना नव्हती. कधीपासून, असं विचारल्यावर ते म्हणाले, ताबडतोब, विनाविलंब. काही तासांत बर्लिनच्या नाक्यांवर हजारो माणसं जमली. बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावरचे अधिकारी वर फोन करत राहिले, स्पष्ट आदेश मिळेना, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास त्यांनी फाटक उघडलं. गोंधळ अपघाताने झाला हे खरं. पण गोळी झाडायची की नाही, हे सांगायला वर कुणीच तयार नव्हतं, ते लाइपझिगपासूनच.

इतका वेग का?

दुसऱ्याच दिवशी बल्गेरियात पक्षाच्या आतूनच तोदोर झिवकोव्ह यांना हटवण्यात आलं. १७ नोव्हेंबरला प्रागमध्ये पोलिसांनी विद्यार्थ्यांना मारहाण केली, आणि सहा आठवड्यांच्या आत, तोवर तुरुंगाच्या वाऱ्या करणारे नाटककार वाक्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. या राजवटी एकाच आधारावर उभ्या होत्या. तो आधार गेल्याचं एका देशात सिद्ध झालं, की बाकीच्यांची परीक्षा पुन्हा घ्यायची गरजच उरली नाही. पोलंडला दहा वर्षं लागली, तर चेकोस्लोव्हाकियाला काही आठवडे.

रुमानियाचा अनुभव मात्र वेगळा आहे आणि तो विसरून चालणार नाही. निकोलाय चाउशेस्कू यांनी परदेशी कर्ज फेडून टाकलं होतं. त्यासाठी घरचं अन्न निर्यात केलं, लोकांना थंडीत आणि अंधारात ठेवलं. त्यांना पश्चिमेकडून काही मागायचं नव्हतं आणि मॉस्कोचं ऐकायचं नव्हतं, म्हणून त्यांनी गोळीबाराचा हुकूम दिला. तिमिशोआरापासून सुरू झालेल्या त्या डिसेंबरात हजाराहून अधिक माणसं मारली गेली. तरी सैन्य फिरलं आणि नाताळच्या दिवशी चाउशेस्कू दांपत्याला गोळ्या घातल्या गेल्या. चीनमध्ये तोच हुकूम पाळला गेला आणि राजवट टिकली. तेव्हा जनता एकवटली की सत्ता आपोआप पडते, असं मानता येत नाही.

पूर्व जर्मनीतल्या पक्षाकडे ऑक्टोबरमध्ये शस्त्रं होती, माणसं होती, यंत्रणा होती. गोळी झाडल्यावर पुढे काय, याचं उत्तर मात्र नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॉस्को पाठीशी उभं राहणार नव्हतं, बँका कर्ज देणार नव्हत्या, आणि ज्या समाजवादासाठी गोळी झाडायची त्यावर स्वतः पदाधिकाऱ्यांचाही विश्वास उरला नव्हता. त्यांच्यातल्या तिघांनी लाइपझिगमध्ये सही केली ती म्हणूनच. ही तीन कारणं राजवटींना पोखरत होती, पण त्यांचा उपयोग करून घ्यायला माणसं लागली. ९ ऑक्टोबरला घराबाहेर पडलेल्या सत्तर हजारांपैकी कुणालाही बर्लिन आणि मॉस्कोतल्या या बंद दाराआडच्या गोष्टी माहीत नव्हत्या. बीजिंगमध्ये काय झालं ते मात्र त्यांना चांगलं माहीत होतं, आणि तरी ते गेले. पूर्व युरोपच्या मुक्तीचं श्रेय गोर्बाचेव्ह यांना आणि कर्जाच्या आकड्यांना देताना, या माणसांचं श्रेय त्याखाली गाडलं जाऊ नये.